पाचवी पायरी

कारखान्यात तिला सगळे 'सिनेमावाली मॅडम' म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

ती पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होती. तिच्या आधीचे अधिकारी पडद्याकडे तोंड करून स्लाइड वाचून दाखवायचे आणि मागच्या तीन रांगा बिनधास्त घोरायच्या. तिने आल्या आल्या ते बंद पाडलं. तिच्या पडद्यावर अक्षरं गिरक्या घेत यायची, चेंडूसारखी टप्पे खायची. एक स्लाइड पान उलटल्यासारखी जायची, दुसरी ठोकळ्यासारखी वळायची. एका वाक्याला तर तिने कार्टूनचा ट्रक लावला होता. तो भोंगा वाजवत यायचा, वाक्य उतरवायचा आणि निघून जायचा. कामगार खो खो हसायचे. "बघा, एकही माणूस झोपला नाही," मॅनेजर कौतुकाने म्हणायचे. तिलाही वाटायचं, डोळे उघडे आहेत म्हणजे शिकणं चाललंय.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास घडी घालणाऱ्या मशीनमध्ये पुठ्ठा अडकला. मशीनवर पन्नाशीचा ऑपरेटर होता. सगळ्यांच्या कामातल्या चुका काढायचा म्हणून त्याला 'मास्तर' म्हणत. त्याने मशीन थांबवलं, मेन स्विच पाडला, स्विचला स्वतःचं कुलूप लावलं, नावाची पाटी अडकवली आणि किल्ली खिशात टाकली. मग अडकलेला पुठ्ठा ओढायला हात आत घातला. वीज बंद होती, पण पुठ्ठा दाबणाऱ्या दांड्यामागच्या सिलिंडरमध्ये हवा भरलेलीच होती. पुठ्ठा सुटला तसा दांडा खाली आला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. मास्तर उशीला टेकून बसला होता, हाताला कोपरापर्यंत बँडेज. बायको चमच्याने त्याला पेज भरवत होती. तिने मॅडमकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वाटीत चमचा घातला.

"मॅडम, कुलूप लावलं होतं हो मी," मास्तर लगेच म्हणाला. "किल्ली खिशातच होती. नर्सबाईंना विचारा. तुम्ही दाखवलेलं ना, ते एवढं मोठं कुलूप, गरगर फिरणारं? ते माझ्या पक्कं लक्षात होतं."

"आणि हवा सोडायचं?"

मास्तर थोडा वेळ आठवत राहिला. "ते सांगितलं होतं का तुम्ही?"

"सांगितलं होतं."

"मग असेल. माझंच लक्ष नसेल. शेवटी टाळ्या वाजल्या होत्या, तेवढं आठवतंय."

ती जिना उतरली. खाली येऊन बाकावर बसली. मशीनमध्ये हात घालण्याआधीच्या त्या सहा पायऱ्यांचं वाक्य न् वाक्य तिने स्वतः लिहिलं होतं. तिसरी पायरी वीज तोडा. चौथी कुलूप लावा. पाचवी साठलेली हवा सोडा. सहावी, चालू करून बघा, मशीन हलत नाही ना याची खात्री करा. काहीच सुटलेलं नव्हतं. मग ह्या चुका काढणाऱ्या माणसाला नेमकी पाचवीच कशी आठवत नव्हती?

घरी नवरा शर्टांना इस्त्री करत होता. तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला.

"एवढं बघ जरा. मध्ये काही विचारू नकोस."

त्याने इस्त्री उभी केली आणि बघितलं. ट्रकला हसला. कुलूप फिरलं तेव्हा "वा!" म्हणाला. संपल्यावर तिने लॅपटॉप मिटला.

"आता सांग. सहा पायऱ्या."

"परीक्षा आहे होय?" त्याने बोटं मोजली. "आधी सगळ्यांना सांगायचं... मग थांबवायचं... वीज... कुलूप. मग टाळ्या."

"टाळ्यांच्या आधी?"

"अगं, ते काहीतरी भोवऱ्यासारखं फिरत आलं ना? मी वाचेपर्यंत वरून दुसरं पडलं." तिचा चेहरा बघून तो थांबला. "काय झालं?"

तिने लॅपटॉप पुन्हा उघडला आणि पहिल्यांदाच ती स्लाइड दुसऱ्याच्या नजरेने बघितली. क्लिक करत बसायला नको म्हणून तिने सगळं आपोआप यायला लावलं होतं, एकामागून एक. नवं वाक्य आलं की जुनं आक्रसून नाहीसं व्हायचं, पडदा मोकळा दिसावा म्हणून. पाचवं वाक्य फिरत फिरत यायचं, स्थिर व्हायचं आणि दोन सेकंदांत विरायचं. त्या दोन सेकंदांत ती स्वतः अजून कुलपाबद्दलच बोलत असायची, आणि लोक कुलपाला हसत असायचे. मग सहावं वाक्य टप्पे खात पडायचं आणि टाळ्यांचा आवाज.

"मी सांगितलं नाही रे," ती नवऱ्याला म्हणाली. "मी नुसतं पडद्यावरून पळवलं."

गुरुवारी मॅनेजरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या चौकशी अधिकारी येतायत बाहेरून. घाबरायचं कारण नाही. तुमच्या त्या स्लाइडचा प्रिंट काढा. सहाच्या सहा पायऱ्या लिहिलेल्या आहेत. ट्रेनिंगच्या हजेरीवर मास्तरची सही आहे. दोन कागद समोर ठेवले की विषय संपला."

"म्हणजे चूक मास्तरची?"

"कागद काय म्हणतो?"

तिने प्रिंट काढला. छापताना अक्षरांचं येणं-जाणं उरत नाही. सहा ओळी, एकाखाली एक, स्वच्छ. पाचवी ओळ इतकी ठळक होती की आंधळ्यालाही दिसावी. कागद खोटा नव्हता, पण मास्तरने तो कधी पाहिलाच नव्हता.

चौकशीच्या खोलीत सहाजण होते. चौकशी अधिकारी जाड भिंगांच्या चष्म्याचा, हळू बोलणारा माणूस होता. त्याने कागद दोनदा वाचला.

"हे तुम्ही शिकवलंत?"

मॅनेजर तिच्याकडे बघत होते. 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं.

"कागदावर आहे तसं नाही शिकवलं," ती म्हणाली. "कामगारांनी जे बघितलं ते चालवून दाखवावं लागेल."

"त्याची काय गरज आहे?" मॅनेजर पटकन म्हणाले.

"दाखवा," अधिकारी म्हणाला.

तिने प्रोजेक्टर लावला. भोंगा वाजवत ट्रक आला. कुणी हसलं नाही. कुलूप गरगर फिरलं. पाचवं वाक्य आलं आणि गेलं. मग त्या बंद खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तिला मान वर करवेना.

"पुन्हा लावा." अधिकाऱ्याने मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं.

तिने पुन्हा लावलं. त्याने तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं. तीनदा टाळ्या वाजल्या.

"दोन सेकंद," त्याने लिहून घेतलं. "ह्या दोन सेकंदांत तुम्ही काय बोलत होता?"

"कुलपाबद्दल. पाचव्या पायरीवर मी आले तेव्हा पडद्यावर सहावी होती."

"आता कसं शिकवाल?"

दोन दिवसांत तिने ती स्लाइड नव्याने केली होती. पांढरा पडदा, आवाज नाही. एका क्लिकला एक ओळ, जागच्या जागी उमटणारी. ती क्लिक करेपर्यंत पुढची ओळ येत नव्हती. आधीच्या ओळी तिथेच राहत, फक्त फिक्या होत.

"फिक्या का? घालवून का टाकत नाही?"

"पाचवी पायरी चौथीवर उभी आहे, साहेब. आपण कुठवर आलो ते दिसायला हवं. पण डोळा चालू ओळीवरच राहायला हवा."

पाचव्या ओळीशेजारी हवेच्या दाबाच्या काट्याचं चित्र आलं. तिने आणखी एक क्लिक केली. काटा सावकाश खाली येऊन शून्यावर थांबला.

"हे मात्र हलतंय," अधिकारी म्हणाला.

"एवढंच हलतं. मशीनवरही हेच बघायचं असतं. काटा शून्यावर येईपर्यंत हात आत घालायचा नाही."

अधिकाऱ्याने मान हलवली. कौतुकाने हलवली की नुसतं समजलं म्हणून, तिला कळलं नाही.

अहवालात मास्तरवर निष्काळजीपणाचा ठपका आला नाही. हवा सोडायच्या झडपेवर खूण नव्हती आणि प्रशिक्षण सदोष होतं, असं लिहिलं गेलं. मास्तरची नोकरी राहिली. तिला मात्र ताकीदपत्र मिळालं आणि मॅनेजर तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात, आणि आमच्याही," एवढंच ते एकदा म्हणाले. ती रागावली नाही. ताकीद तिला कमीच वाटली होती.

तीन महिन्यांनी मास्तर स्टोअरमध्ये रुजू झाला. त्याच आठवड्यात नव्या स्लाइडवर पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण होतं. नियमाप्रमाणे त्यालाही यावं लागलं. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला, उजवा हात मांडीवर झाकून.

तिने पहिली ओळ आणली. थांबली. बोलली. दुसरी. तिसरी. मधल्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. पूर्वीची सिनेमावाली मॅडम असती तर तिने लगेच काहीतरी नाचवलं असतं. ही थांबून राहिली.

"कुलूप लावलं," चौथ्या ओळीवर ती म्हणाली. "वीज गेली. आता मशीनमध्ये काय उरलं?"

पडदा तसाच होता. सगळे त्या चार ओळींच्या खालच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. "काही नाही," एकजण म्हणाला. "गरमी?" दुसरा. मग पुढच्या रांगेतली पॅकिंगची बाई हळूच म्हणाली, "हवा."

तिने पाचवी ओळ आणली आणि पुन्हा क्लिक केली. काटा खाली यायला लागला, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तर बाहेर निघून गेला होता. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिने काटा शून्यावर येऊ दिला, माना परत फिरेपर्यंत वाट पाहिली, पाचवी पायरी पहिल्यापासून सांगितली आणि मग सहावी आणली.

नंतर ती बाहेर गेली. मास्तर नळाशी डाव्या हाताने तोंडावर पाणी मारत होता.

"मास्तर, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"राग नाही मॅडम." त्याने बाहीने तोंड पुसलं. "चांगलं केलंय आता. कुणालाही कळेल असं. तेच बघवलं नाही."

तिने नळ बंद केला.

"मला पुढच्या वेळी नका बसवू," तो म्हणाला. "सही हवी तर स्टोअरमध्ये पाठवा."

"नाही. सही नको," ती म्हणाली.

तो स्टोअरकडे गेला. ती खोलीत परतली. पहिली तुकडी अजून बसूनच होती. तिने प्रोजेक्टर बंद केला आणि सगळ्यांना घेऊन मशीनवर गेली. झडपेला आता लाल रंग दिला होता. प्रत्येकाला तिने हवा सोडायला लावली, काटा बघायला लावला, आणि तो शून्यावर आल्याचं मोठ्याने बोलायला लावलं. अठ्ठावीस माणसं होती. पाऊण तास लागला, आणि एकदाही कुणी हसलं नाही.