फक्त चाळलेल्या स्लाइड्स

ताई माझ्या नात्यातल्या नाहीत. हॉस्पिटलच्या मुख्य ऑफिसात मी नवी होते तेव्हा त्यांनी मला हाताला धरून काम शिकवलं, म्हणून ताई. मोठं प्रेझेंटेशन कसं आटोपशीर करायचं, हे त्यांचंच शिकवणं. एका दमात वाचायचं नाही. तुकडे पाडायचे, एकेका तुकड्याचा सारांश लिहायचा, मग त्या सारांशांचा मिळून एक सारांश. आणि शेवटच्या पानावर न लाजता लिहायचं की कुठला भाग नीट वाचला, कुठला नुसता चाळला आणि त्यात काय निसटलेलं असू शकतं. "हे पान नसेल तर सारांश म्हणजे थाप," असं त्या म्हणायच्या. मी ते मनावर घेतलं. माझ्यासारख्या बावळटांना असली वाक्यं लगेच पटतात.

यंदा सल्लागार कंपनीनं हॉस्पिटलच्या खर्चकपातीवर तीनशेहून जास्त स्लाइड्सचं प्रकरण पाठवलं. विश्वस्तांपैकी ते कुणी उघडूनही बघणार नव्हतं; सारांश वाचून मंजुरी द्यायची, ही आमच्याकडची रीत. मी तुकडे पाडले. खर्चाचा झाला, मनुष्यबळाचा झाला. "छोट्या केंद्रांचं एकत्रीकरण" असा एक गुळमुळीत भाग होता, तोही झाला. राहिले शेवटचे केंद्रवार तक्ते. सगळे चित्रं म्हणून चिकटवलेले, मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं. शोधायला शब्द टाकला तरी काही सापडत नव्हतं.

"ते राहू दे गं," ताई म्हणाल्या. "नुसते आकडे आहेत. मी बघितलेत. वरवर चाळ आणि संध्याकाळपर्यंत मला दे."

मी चाळले. आणि शेवटच्या पानावर लिहिलं: "केंद्रवार तक्ते फक्त चाळले आहेत. एकत्रीकरणात कोणती केंद्रं बंद होणार हे त्यांत असू शकतं. ते मी वाचलेलं नाही. मंजुरीपूर्वी बघावं." फाइल ताईंकडे दिली आणि घरी गेले.

विश्वस्तांची मंजुरी मिळाली. ताईंनी पाठ थोपटली, मी फुशारले.

पुढच्याच आठवड्यात, बाबा आमच्याच हॉस्पिटलच्या ज्या छोट्या केंद्रात डायलिसिसला जायचे, तिथल्या नर्सचा मला फोन आला. केंद्र बंद होतंय, पेशंटना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागेल. आठवड्यातून तीनदा. डायलिसिसनंतर बाबांना जिना चढवत नाही, मध्ये दोनदा बसावं लागतं. दोन बस बदलून ते कसे येणार होते?

मी ते तक्ते उघडले, चित्र मोठं करत नेलं. बाबांचं केंद्र तिथे होतं, समोर लाल खूण. मग विश्वस्तांना गेलेला सारांश उघडला. माझं शेवटचं पान नव्हतंच. त्याच्या जागी एक ओळ होती: "संपूर्ण प्रेझेंटेशन वाचून तयार केलेला सारांश." खाली माझं नाव.

मी तडक ताईंच्या केबिनमध्ये गेले. "पान तुम्ही काढलंत?"

"हो." त्यांनी चष्मा काढला. "ते पान असतं तर विश्वस्तांनी एकेक केंद्र उकरत बसून सगळं अडवलं असतं. संचालकांना ते नको होतं."

"बाबांचं केंद्र त्यात आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "म्हणून तर तुला वाचू नको म्हटलं. तुला त्रास झाला असता."

याच बाई बाबांना बघायला फळं घेऊन त्याच केंद्रात आल्या होत्या. त्यांच्या उशाशी बसून हसल्या होत्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर माझ्याच नावाची सही! मला रडू आलं नाही, संताप आला. मी जागेवर जाऊन प्रत्येक तक्ता वाचला, काढलेलं पान पुन्हा लिहिलं, बंद होणारी सगळी केंद्रं त्यात घातली आणि थेट विश्वस्तांना पाठवलं. नोकरी राहील की जाईल, कुणास ठाऊक. मंजुरी मागे घेतील, याचीही खात्री नाही.

घरी बाबा खुर्चीत बसून होते. त्यांच्याही कानावर आलं होतं. पण चेहऱ्यावर काळजी नव्हती.

"तू कशाला तोंड पाडून बसलीस?" ते म्हणाले. "ताईंना सांग. बाई मोठ्या मनाची आहे. त्यांना कळलं की त्या होऊ देणार नाहीत."

मी त्यांच्या हातावरची पट्टी नीट केली.

"बाबा," मी म्हटलं, "त्यांना आपल्या आधीपासून माहीत होतं."