डाव्या पायाचा जोर

सायकलीत बिघाड निघू दे, एवढाच धावा ताईच्या मनात चालला होता. नाही निघाला तर घरोघरी औषधं पोचवायचं तिचं काम गेलंच म्हणून समजा. औषधाच्या दुकानाचा मालक म्हणजे तिचा थोरला भाऊ, आणि तो एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून गॅरेजात तिच्या शेजारीच उभा होता.

"नवीकोरी विजेची सायकल चढावर दम टाकते म्हणे," तो मिस्त्रीला म्हणाला. "गिऱ्हाइकांची बोलणी मी खातो."

मिस्त्री सायकलवर बसला, समोरचा चढ सरसर चढला आणि परत आला. "ठणठणीत आहे."

"मग जुनी सायकल हिला बरी कशी चालायची?" भावाने विचारलं.

"जुनीची मोटर मागच्या चाकात. पॅडल फिरतंय एवढं कळलं की ती ढकलायची, जोर किती लावलात याच्याशी तिला देणंघेणं नाही. हिची मोटर पॅडलांपाशी. साखळी आणि गियरमधून ओढते, म्हणून चढाला दणकट. पण हिच्यात जोर मोजणारा सेन्सर आहे. तुम्ही लावाल त्या मापात ही मदत करते."

त्याने मोटरची मदत बंद केली, मागचं चाक अडवलं आणि लॅपटॉप जोडला. "ताई, उजवं पॅडल पुढे घेऊन दाबा."

तिने जीव खाऊन दाबलं. पडद्यावरचा आकडा ढिम्म हलला नाही.

"मेलाय की सेन्सर," भाऊ म्हणाला. ताईला हायसं वाटलं.

"मेला नाही. या जातीच्या सेन्सरला फक्त डाव्या पायाचा जोर कळतो. उजवाही तेवढाच लावत असेल, असं तो धरून चालतो. आता डावा दाबा."

ताईने डावा पाय ठेवला. आकडा हलला, जरासा चढला. आणखी दाबायला गेली तशी गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. आकडा धाडकन खाली आला. मिस्त्रीने नजर वळवली. भावाने नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? "तू म्हणालास ना, पळ, उशीर झाला तर गिऱ्हाईक तुटेल. त्याच दिवशी वळणावर पडले. सांगितलं असतं तर तू दुसरा माणूस ठेवला असतास."

ठेवला असता, हे भावालाही ठाऊक होतं.

"दोन्ही पायांचा जोर मोजणाराही सेन्सर मिळतो," मिस्त्री हळूच म्हणाला. "पण आधी गुडघा दाखवा."

"आजच दाखवू," भाऊ म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावरची औषधांची पिशवी काढून स्वतःच्या गळ्यात अडकवली. "तू इथेच बस. एवढी औषधं देऊन येतो. आणि तुझं काम तुझंच राहील, वेडाबाई."

मिस्त्रीने लॅपटॉप काढून मोटर पुन्हा चालू करून दिली आणि सायकल डगमगत चढाला लागली. पोट सांभाळत तो अर्ध्यावर पोचला आणि धापा टाकू लागला. ताईला रडू आवरत नव्हतं, तरी तिने हाक मारली, "दादा, डाव्या पायावर जोर दे."