अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी

अक्षराइतकं भरवशाचं या जगात दुसरं काही नाही. आकडा निसटतो, एक शून्य इकडचं तिकडे होतं आणि माणूस रस्त्यावर येतो. पण अक्षर ठाम उभं राहतं. रुग्णालयाच्या हिशेब खात्यात तशी पाटीच होती : ‘आकडा घसरतो, अक्षर ठाम असते. तफावत आढळल्यास अक्षरी रक्कमच ग्राह्य धरावी.’ पाटीचा उजवीकडचा खिळा गेल्या पावसाळ्यातच निखळला होता, त्यामुळे ती एका कानावर लटकून होती आणि खालून ‘ग्राह्य धरावी’ वाचायचं तर मान वाकडी करावी लागे.

खातं तळघरात होतं. एका भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं गरगरत, दुसऱ्या भिंतीला फायलींची कपाटं. मधल्या टेबलावर भिंगबाई बसत. सव्वीस वर्षं त्या बिलं तपासत होत्या आणि खरोखरच्या भिंगातून तपासत होत्या, म्हणून हे नाव. नग गुणिले दर, त्यात कर, खाली बेरीज; मग खरेदीची ऑर्डर, मग माल आल्याची स्टोअरची पोच; आणि सगळ्यात शेवटी अक्षरी रक्कम, जिच्या टोकाला ‘फक्त’ लिहिलेलं असतं. नऊ लाखांचं बिल असलं तरी ‘फक्त’च. सगळं जुळलं की ‘तपासले, बरोबर’ हा शिक्का आणि त्याखाली बाईंची सही. हा शिक्का बाई घरी जाताना पर्समध्ये घालून नेत. नवऱ्याने एकदा त्याला ‘तुझं मंगळसूत्र’ म्हटलं होतं, तेव्हा बाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

त्या सोमवारी चादरींचं बिल आलं. पुरवठादार म्हणजे शिवणकामवाल्या काकू. घराच्या पुढच्या खोलीत पाच मशीनं, त्यावर चार बाया आणि पाचव्या त्या स्वतः. दोनशे चाळीस चादरी, एकशे पंच्याऐंशी दराने. साठ पडदे, पाचशे वीस दराने. पंच्याहत्तर हजार सहाशे, त्यावर पाच टक्के कर, एकूण ७९,३८०. बाईंनी तोंडी गुणाकार केला, मग यंत्रावर केला. बरोबर. ऑर्डरशी बरोबर. स्टोअरची पोच, दोनशे चाळीस आणि साठ, बरोबर. खाली अक्षरात लिहिलं होतं : सत्तावन्न हजार तीनशे तीस फक्त.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. चुका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. पण चूक झाली की ती वेडीवाकडी असते, एखादा हजार राहतो, एखादं शतक वाढतं. ही रक्कम फारच नीटनेटकी होती. त्यांनी कपाटातून काकूंचं मागच्या महिन्याचं बिल काढलं. एकशे पाच पडदे, करासह ५७,३३०. अक्षरी : सत्तावन्न हजार तीनशे तीस फक्त.

संपलं. जुन्याच बिलावर नवीन बिल केलं होतं. आकडे संगणकाने आपोआप बदलले. अक्षरं हाताने बदलायची असतात, ती कोणी बदलली नाहीत. बाईंनी चिठ्ठी लिहिली, ‘अक्षरी रक्कम मागील बिलाची राहिली आहे, दुरुस्त बिल मागवावे’, आणि बिल साहेबांकडे पाठवलं.

तासाभराने ते परत आलं. चिठ्ठी फाडलेली होती आणि बिलावर हिरव्या शाईत लिहिलं होतं : ‘नियमानुसार ५७,३३० मंजूर. बचत : २२,०५०.’

साहेबांना बचतीचा नाद होता. त्यांच्या केबिनमध्ये एक तक्ता होता, त्यावर हिरवे खांब दर महिन्याला उंच होत. या वर्षी तो तक्ता वरच्या मजल्यावर संचालकांना दाखवायचा होता. ‘पुरवठादारांच्या त्रुटींतून बचत’ या खांबात आजवर एकोणीस जणांचे पैसे उभे होते.

बाई केबिनमध्ये गेल्या. बसा म्हणायच्या आधीच बसल्या.

“साहेब, हिने माल दिलाय एकोणऐंशी हजारांचा. पोच आहे.”

“पाटी वाचलीत?”

“मान दुखेपर्यंत वाचलीय. तो नियम चेकचा आहे. चेकवर आगापीछा काही नसतो. का दिले, कशाचे दिले, काही नाही. एक आकडा आणि एक अक्षरी ओळ. तिथे भांडण झालं तर कोणावर तरी विश्वास ठेवायलाच हवा, म्हणून अक्षरावर ठेवतात. बिलावर सगळा जन्म मांडलेला असतो. नग आहेत, दर आहे, ऑर्डर आहे. गुणाकार करा की!”

“मॅडम, गुणाकार करायला मी इथे बसलेलो नाही.”

“ते दिसतंच आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. “चूक कोणाची? तिची. भोगेल कोण? ती. तुम्ही शिक्का मारा.”

“आणि कर? बिल एकोणऐंशीचं, म्हणजे कर ती एकोणऐंशीवर भरणार. तुम्ही देणार सत्तावन्न. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरही तिने कर भरायचा?”

“पुढच्या वेळी नीट टाइप करेल.”

बुधवारी काकू स्वतः आल्या. हातात पिशवी, बोटांवर सुयांचे व्रण. साहेबांच्या माणसाने त्यांना आधीच एक पावती दिली होती : ‘रक्कम ५७,३३० पूर्ण व अंतिम पोहोचली.’ सही केली तर पैसे, नाहीतर नाही.

“ताई,” काकू उभ्यानेच म्हणाल्या, “हे काय लावलंय? कापडवाल्याचेच सेहेचाळीस हजार द्यायचेत मला. कर भरला की उरतात सात-साडेसात. त्यात चार बायांची मजुरी कशी बसवू? एकीची पोरगी सासरहून परत आलीय, ती शनिवारची वाट बघत बसलीय.”

“बिल कोणी केलं, काकू?”

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, “जावयांनी.”

“त्यांना बोललात का?”

“जावयाला कोण बोलतं? चहात साखर कमी घातली, एवढंच.” आणि मग एकदम त्यांचा आवाज चढला. “पण त्यांची चूक एका ओळीची! आमच्या चादरी काय एका ओळीच्या होत्या? दोनशे चाळीस मोजून घेतल्या ना तुमच्या माणसांनी? परत द्या! सत्तावन्नच्या ठेवून घ्या, बाकीच्या पेशंटच्या खालून ओढून द्या मला!”

धुलाईवाल्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना जा म्हटलं नाही.

“पावतीवर सही करू नका,” बाई म्हणाल्या. “इथेच बसा. पाणी प्या.”

काकूंचा राग दिसत होता. बाईंचा राग दिसत नसे. तो कपाटासारखा होता, बाहेरून राखाडी आणि आत वर्षवार लावलेला. त्यांनी कपाट उघडलं. साहेब आले त्या महिन्यापासून तफावत सापडलेली सगळी बिलं त्यांनी काढली. एकोणीस त्यांना माहीत होती. अक्षरं कमी, आकडा जास्त, दिलं अक्षरांप्रमाणे. विसावं त्यांना आत्ता सापडलं. ते त्यांच्या रजेच्या आठवड्यातलं होतं, म्हणून त्यांच्या टेबलावरून गेलंच नव्हतं. वातानुकूलनाच्या दुरुस्तीचं बिल. आकड्यात १,१८,०००. अक्षरात एक लाख ऐंशी हजार फक्त. खाली हिरव्या शाईत : ‘अक्षरात उघड चूक. हिशेब पाहता आकडा बरोबर. १,१८,००० मंजूर.’

‘हिशेब पाहता.’ बाईंनी ते दोन शब्द भिंगातून पाहिले. बिनभिंगाचेही ते स्पष्ट होते.

त्या केबिनमध्ये शिरल्या तेव्हा दार आपटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

“इथे पाटी कुठे गेली होती, साहेब?”

साहेबांनी बिल पाहिलं. “अहो, ही उघड चूक आहे. बासष्ट हजार जास्तीचे देऊ का त्याला?”

“नाही. अजिबात देऊ नका. तुम्ही बरोबर केलंत. नग पाहिले, दर पाहिला, गुणाकार केलात. म्हणजे येतो तुम्हाला गुणाकार.”

“मॅडम, जीभ सांभाळा.”

“सव्वीस वर्षं सांभाळली, म्हणून तर ती पाटी लागली.” बाईंनी एक कोरा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर स्वतःचं पेन. “नियम असेल तर नियमच पाळू. अक्षर ठाम असेल तर या दुरुस्तीवाल्याला आजच बासष्ट हजार आणखी पाठवा. ते नको असेल, तर तुमचा खरा नियम इथे लिहून द्या : ‘तफावत आढळल्यास जी रक्कम कमी, ती ग्राह्य धरावी.’ खाली सही. मी सुवाच्य अक्षरात पाटी करून आणते. दोन खिळ्यांची. लेखापरीक्षक पुढच्या मंगळवारी येणार आहेत, त्यांनाही वाचता येईल.”

“धमकी देताय?”

“शिक्का देते.” त्यांनी पर्समधून शिक्का काढून कागदाशेजारी ठेवला. “‘तपासले, बरोबर’ हे माझं वाक्य आहे. खोट्या रकमेवर ते मारायचं असेल, तर तुम्ही मारा. खाली सहीही तुमचीच करा.”

बाहेर काकू कोणाला तरी मोठ्याने सांगत होत्या की चादरीची शिवण दुहेरी असते, दुहेरी.

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. तक्त्याकडे पाहिलं. शिक्का बोटाने बाईंकडे सरकवला.

“दुरुस्त बिल आणायला सांगा,” ते म्हणाले. “एवढं काय त्यात.”

“आणि ते एकोणीस?”

“एका वेळी एक, मॅडम.”

“बरं. उद्या दुसरं आणते.”

दुसऱ्या दिवशी जावई स्वतः बिल घेऊन आले. तेच नग, तेच दर, आणि खाली एकोणऐंशी हजार तीनशे ऐंशी फक्त. ही ओळ त्यांनी ठळक केली होती, वर अधोरेखितही. बाईंनी ती तीनदा वाचली, शिक्का मारला, सही केली, आणि यावेळी कागद कोणाच्या हाती न देता स्वतः शेवटच्या टेबलापर्यंत गेल्या. तपासणाऱ्याने पैसे सोडायचे नसतात, म्हणून रोखपालाच्या खुर्चीमागे त्या आजवर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. आज राहिल्या.

“किती?” रोखपालाने कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं.

“एकोणऐंशी हजार,” बाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “तीनशे ऐंशी. फक्त. अक्षरातही नीट लिही.”

“कुठे लिहू?”

बाई वाकल्या. बँकेच्या पडद्यावर रकमेसाठी एकच चौकोन होता, आणि त्यात अक्षर टाकलं की तो लाल व्हायचा.