हीटर-बोर्ड, नग एक

आवक-जावक विभागात एकाच एक्स्टेन्शन बोर्डात दोन हीटर होते. त्यातला एक निघेना. दोघांनी मिळून ओढला, टेबल वीतभर सरकलं, प्लग जागचा हलला नाही. तेव्हा वायरमनला बोलावणं गेलं.

त्याने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, बोर्डाची पिन भिंतीतून उपटली आणि मग गुडघे टेकून टेबलाखाली डोकं घातलं. बोर्डाचं पांढरं प्लॅस्टिक हीटरच्या पिनांभोवती वितळून तपकिरी झालं होतं, आणि थंड होताना त्याने पिना गच्च आवळून धरल्या होत्या.

"हीटर, बोर्ड, दोन्ही भंगारात," तो म्हणाला, आणि ते जोडपं काखेत मारून स्टोअरमध्ये गेला.

स्टोअरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हीटर एका पानावर आहे, बोर्ड दुसऱ्या. वेगळे करून आणा."

"बाई, ते वेगळे होत नाहीत."

"मग जमा कसे करून घेऊ? 'हीटर-बोर्ड' अशी वस्तूच माझ्याकडे नाही."

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सदस्य बाई, आणि माहितगार म्हणून वायरमन. बैठक गुरुवारी अकराला, घटनास्थळी. थंडी मरणाची होती, म्हणून बाईंनी समितीसाठी दोन हीटर आणि एक नवा कोरा बोर्ड काढून दिला. बोर्ड जुन्या बोर्डाच्याच खोक्यातला होता. वायरमन पोचेपर्यंत दोन्ही हीटर त्यात खोचून लालबुंद झाले होते.

"साहेब, हे आधी बंद करू."

"विषयपत्रिकेप्रमाणे चला. त्या दिवशी ब्रेकर पडला होता का?"

"नाही."

"मग दोष नाही. असता तर पडला असता."

"ब्रेकर सोळा अँपिअरचा आहे. दोन हीटर मिळून तेरा ओढतात. त्याच्या लेखी सगळं आलबेल. बोर्ड सहाचा आहे, मागे लिहिलंय."

साहेबांनी जुना बोर्ड उलटा करून नाकाजवळ धरला. "अक्षर फार बारीक आहे."

"वायरही तशीच आहे." त्याने जुनी केबल चाकूने सोलली. जाडजूड आवरणाच्या आत केसांसारख्या मोजक्या तारा निघाल्या. त्यातली एक खरवडली, तर तांब्याचा रंग गेला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. "एवढ्याशा तारेतून एवढा करंट गेला की अख्खी वायर तापते."

बाईंनी लिहून घेतलं. मग लेखणी थांबवून विचारलं, "अख्खी तापते, तर वितळलं पिनांपाशीच का?"

बाईंचा प्रश्न बरोबर वर्मावर बसला होता. त्याने जुना बोर्ड कापून आतली पितळी पट्टी दाखवली. ती काळी पडून फाकली होती. "हिने पिनेला घट्ट धरायला हवं. ही जेमतेम दोन टिंबांवर टेकलीय. करंट सगळीकडे तेवढाच, पण इथे वाट अरुंद, म्हणून उष्णता इथेच. तापली की पट्टी ढिली पडते, काळी होते, वाट आणखी अरुंद होते, आणि ती आणखी तापते."

साहेबांनी पट्टी हातात घेऊन पाहिली. "हीटरचं काम तापणं. तो दोन्ही टोकांनी तापला, तर ते जादा काम झालं. दोष कसा?"

"हेही लिहू?" बाईंनी विचारलं.

"लिहा."

वायरमनने वाकून नव्या बोर्डातल्या प्लगला बोट लावलं. अकरा वीसला बोट ठेवता येत होतं. साडेअकराला त्याने चटका बसून हात मागे घेतला. बाईंनी दोन्ही वेळा नोंदवल्या. पावणेबाराला जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. वायरमनने कुणाला न विचारता भिंतीवरचं बटण बंद केलं आणि बटणाला पाठ लावून उभा राहिला.

"बैठक चालू आहे," साहेब म्हणाले. "मतदान घ्यावं लागेल."

"घ्या. मी इथून हलत नाही."

मतदान झालं. हीटर चालू ठेवण्याच्या बाजूने साहेबांचं एक मत पडलं. बाईंनी आधी वास घेतला, मग प्लगला बोट लावून पाहिलं, आणि बोट पदरात गुंडाळत विरोधात हात वर केला. माहितगाराला मत नव्हतं, म्हणून बरोबरी झाली. एव्हाना गार झालेला बोर्ड बाईंनी जमा करायला उचलला, तर एक हीटर त्याच्यासोबत उचलला गेला.

त्यांनी तो खाली ठेवला, नोंदवहीत नवं पान उघडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: हीटर-बोर्ड, नग दोन.

मतदान होताच साहेबांचं बोटही प्लगकडे गेलं होतं आणि झटक्यात परत आलं होतं. "तुम्हाला काय हवंय?" त्यांनी वायरमनला विचारलं.

"मुख्य पेटीपासून जाड तांब्याच्या दोन वेगळ्या वायरी, भिंतीत सोळा अँपिअरची दोन सॉकेटं, एकेका हीटरला एकेक. मध्ये बोर्ड नको."

आठवड्यात काम झालं. सॉकेटं पेटीजवळच्या भिंतीतच बसली, आणि हीटरच्या वायरी होत्या हातभर. ऊब तेवढ्याच कोपऱ्यात मिळू लागली. विभागातल्या सातही जणांनी एकेक करून टेबलं तिकडे ओढली, आणि शेवटी साहेबही खुर्ची उचलून आले. उरलेला प्रशस्त हॉल रिकामा पडला. पत्र घेऊन येणारा माणूस दारातून आत येऊन त्या मोकळ्या जागेत गोंधळून उभा राहायचा, आणि कोपऱ्यातून आठ जण एकदम मान वर करून त्याला जवळ बोलवायचे.