आबांचं दोन किलोचं वजन

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मास्तर नेमायचा म्हणजे आधी त्याला खऱ्या वर्गासमोर धडा घ्यायला लावतात. समोर बारावीची पोरं, मागच्या बाकांवर निवड समिती, आणि समितीच्या मध्यभागी अध्यक्ष त्रिंबकराव, म्हणजे आबा. आबांची पाटोद्याला आडत आहे, शेतं आहेत, दोन-चार गावांत शब्द चालतो, आणि भौतिकशास्त्रातलं त्यांना काही कळत नाही. तरी ते प्रत्येक धड्याला मान डोलावतात. मी मोहनराव, रसायनशास्त्र शिकवतो. समितीत मला का घेतात ते अजून कोणी सांगितलेलं नाही, बहुधा मी सही करतो म्हणून असेल.

जागा एकच होती आणि उमेदवार दोन. पहिला अभिमन्यू, आबांच्या बहिणीचा मुलगा. दुसरी दिपाली गर्जे. ही पोरगी आमच्याच वर्गांवर गेली सहा वर्षं तासावारी शिकवत होती. आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे तेव्हा ही वसतिगृहात राहून शिकली. ही जागा हुकली तर पुढच्या वर्षापासून तासही मिळणार नव्हते, आणि लेकीला घेऊन तिला पुण्याच्या कुठल्या तरी क्लासची पायरी चढावी लागली असती. त्यामुळे तिच्या दृष्टीने त्या दिवशी जे व्हायचं ते होऊन जाणार होतं. आमच्या दृष्टीने ते आधीच होऊन गेलेलं होतं, कारण अभिमन्यूसाठी कोट शिवून झाला होता.

विषय दोघांना एकच दिला होता: ताणलेल्या तारेवरून लाट किती वेगानं जाते, ते ताण आणि तारेच्या एक मीटरचं वस्तुमान यांवरून काढून दाखवा. अभिमन्यूने फळा भरून टाकला. अक्षर सुरेख. शेवटच्या ओळीत वक्रतेची त्रिज्या दोन्ही बाजूंनी खोडली तेव्हा स्वप्नाली नावाच्या मुलीने विचारलं की ती का उडाली. अभिमन्यू म्हणाला, पुस्तकात उडते. आबांनी मान डोलावली.

मग दिपाली उठली. तिने खडू हातात न घेता जनावरं बांधायचं लांब दावं काढलं, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं ताणून धरून एक झटका दिला. दाव्यावर एक उंचवटा उठला आणि सरळ खिडकीकडे पळाला. ती पोरांना म्हणाली, आता डोळे मिटा आणि या उंचवट्याच्या बरोबरीने तेवढ्याच वेगाने पळा. तुम्हाला काय दिसेल? उंचवटा जागच्या जागी उभा, आणि दावंच त्या वळणातून उलट्या दिशेने धावतंय. घाटाच्या वळणावरून गाडी जाते तसं. वळणावरून जायचं तर आत ओढणारं कोणीतरी लागतं. इथे कोण ओढतं? वळणाच्या दोन्ही टोकांना असलेला ताण. तो दोन्हीकडून जरा तिरपा आहे, त्या तिरपेपणातून आत ओढ मिळते.

एवढं पटल्यावर तिने फळ्यावर चार ओळी लिहिल्या. वळणाचा कोन लहान धरला तर आतली ओढ म्हणजे ताण गुणिले तो कोन. वळणातल्या दाव्याची लांबी त्रिज्या गुणिले तोच कोन, म्हणून त्याचं वस्तुमान एक मीटरचं वस्तुमान गुणिले ती लांबी. वळायला लागणारं बल म्हणजे ते वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. दोन्ही समान लिहिले. कोन इकडेही, तिकडेही, तो गेला. त्रिज्या वरही आणि खालीही, तीही गेली. स्वप्नालीकडे बघून ती म्हणाली, म्हणजे उंचवटा मोठा असो की लहान, लाटेला त्याच्याशी देणंघेणं नाही. उरला वेगाचा वर्ग, बरोबर ताण भागिले एक मीटरचं वस्तुमान. मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते कळलं, आणि मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

इथेच थांबली असती तर कोट अभिमन्यूच्याच अंगावर चढला असता. पण ती म्हणाली, सूत्रावर विश्वास ठेवू नका, तपासा. सोनोमीटर टेबलावर होताच, म्हणजे लाकडी खोका, वरून एक तार, एका टोकाला कप्पीवरून लटकणारं वजन आणि तारेखाली सरकवायच्या दोन घोड्या. अडचण वजनांची होती. प्रयोगशाळेची सगळी वजनं आबांच्या लेकीच्या लग्नात मांडवाचे पडदे उडू नयेत म्हणून नेली होती, ती परत आलीच नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आबा उदार माणूस. त्यांनी तिथल्या तिथे आडतीवरून दोन किलोचं लोखंडी वजन मागवलं. त्यावर लाल रंगात त्यांची आद्याक्षरं होती.

दिपालीने एक मीटर तार माझ्या रसायनाच्या नाजूक काट्यावर तोलली. शून्य पूर्णांक तीन ग्रॅम भरली. या काट्यावर दोनशे ग्रॅमच्या वर काही ठेवलं की तो मरतो, म्हणून आबांचं वजन त्यावर तोलायचा प्रश्नच नव्हता. तिने हिशोब फळ्यावर केला. दोन किलोचा ताण, एवढी तार, म्हणजे लाट सेकंदाला सुमारे दोनशे छप्पन्न मीटर जाणार. नादकाटा, म्हणजे ठोकला की एकाच सुरात वाजणारा पोलादी चिमटा, सेकंदाला दोनशे छप्पन्न कंपनांचाच होता. एका कंपनात लाट घोड्यांमधून जाऊन परत येते, तेव्हा घोड्यांमधलं अंतर बरोबर पन्नास सेंटिमीटर असलं की तार काट्याबरोबर गाऊ लागणार आणि तारेवर ठेवलेली कागदाची घडी उडून पडणार.

घडी ठेवली, काटा वाजवला, खोक्यावर टेकवला. पन्नासला घडी हललीसुद्धा नाही. दिपालीने घोडी सरकवली. एक्कावन्न, बावन्न. बावन्न पूर्णांक चारला घडी टुणकन उडाली.

अभिमन्यू हसला. आबा पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "बाई, तुमी पन्नास म्हनला हुता."

दिपालीचा चेहरा उतरला हे मी पाहिलं. सहा वर्षं त्या चोवीस मिलिमीटरांत जाणार होती. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि आबांचा रागही आला. तिने तार परत तोलली, तेवढीच भरली. नादकाट्यावरचा आकडा वाचला. कप्पी फिरवून बघितली, आणि पोरांना सांगितलं की कप्पी अडली असती तर ताण कमी पोचला असता आणि घडी पन्नासच्या आत उडाली असती, बाहेर नव्हे. मग ती लाल अक्षरांकडे जरा वेळ बघत राहिली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला ते ओळखीचं होतं, वर्गातली पोरं पण खोडी काढण्याआधी अशीच दिसतात.

ती आबांकडे वळली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "आबा, नादकाटा बरोबर हाय, तार बरोबर हाय. वजन तर तुमच्या आडतीवरचं, त्याच्यावर मी कशी शंका घेऊ? मंजे सूत्रच चुकलं. बोर्डाला तसं कळवावं लागंल, आन् पुरावा म्हनून तुमचं वजन पन पाठवावं लागंल."

आबांना भौतिकशास्त्र कळत नाही, पण पुरावा हा शब्द कळतो. त्यांनी वजनाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. त्यातल्या निम्म्या पोरांच्या घरची सीताफळं त्याच वजनाने आडतीवर घेतली जात होती.

"सूत्र बरोबर हाय," आबा म्हणाले.

"मग मुलांनो," दिपाली म्हणाली, "उलटं करा. लांबीवरून वेग, वेगावरून ताण, ताणावरून वजन."

वह्या उघडल्या. मी इतक्या वर्षांत पोरांना एवढ्या आवडीने वर्गमूळ सोडून वर्ग करताना पाहिलं नव्हतं. दोन गुणिले लांबी गुणिले दोनशे छप्पन्न म्हणजे वेग. त्याचा वर्ग गुणिले तारेच्या मीटरचं वस्तुमान म्हणजे ताण. तो नऊ पूर्णांक आठने भागला. सगळ्यात आधी स्वप्नालीचा हात वर गेला.

"दोन किलो दोनशे ग्रॅम," ती म्हणाली. मग वही मिटत, "आमच्या सीताफळाच्या दर दोन किलोला."

शेवटच्या बाकावरून कोणीतरी हसलं आणि मग ते कोणालाच आवरेना. आबा मात्र काय हार खाणारे नव्हेत. ते उभे राहिले, छाती पुढे काढली आणि म्हणाले की हे वजन त्यांनी मुद्दामच तसं मागवलं होतं, बाईंची परीक्षा घ्यायची म्हणून. आता सापडलं म्हणजे बाई हुशार आहेत. असं बोलून ते बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. मी तोपर्यंत समितीच्या कागदावर लिहून टाकलं होतं: अध्यक्षांनी स्वतः घेतलेल्या कठीण परीक्षेत श्रीमती गर्जे उत्तीर्ण. सही करायलाच ठेवलेला माणूस कधीतरी लिहितोही.

तरी नेमणुकीचा कागद निघेना. आबा आज मुंबईला, उद्या कड्याच्या साखर कारखान्यावर, परवा अंग दुखतंय. दिपाली रोज तास घ्यायची आणि रोज विचारायची नाही. तिकडे आडतीवर नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला, त्याला झेंडूचा हार घातला गेला. लाल अक्षरांचं वजन प्रयोगशाळेतच राहिलं, ते परत मागायचं धाडस कोण करणार?

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी आबा एकटेच प्रयोगशाळेत आले. खांद्यावर उपरण्याखाली काहीतरी जड होतं. मी कोपऱ्यात बाटल्या पुसत होतो, माझ्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. उपरण्यातून एक दोन किलोचं वजन निघालं, निळ्या रंगाचं. आबा त्यांची सीताफळं ज्या मोठ्या व्यापाऱ्याला पुढे विकायचे, त्याच्या गोदामातून ते उचलून आणलं होतं. गावातल्या कुठल्या काट्यावर, अगदी आडतीवरच्या नव्या काट्यावरसुद्धा, टाकलं असतं तर सगळ्या बाजाराला कळलं असतं. इथे जे कळायचं ते कळून चुकलेलंच होतं.

"बाई, याचं पन काढून द्या," आबा म्हणाले.

दिपालीने सोनोमीटरवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "काढते की. पन आबा, मी हितली कोन? तासावारी बाई. साहित्याला हात लावायचा हक्क कायम मास्तरांना."

आबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घालून चौघडी केलेला कागद काढला. नेमणूक होती, सहीसकट, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. एवढे दिवस ती खिशात घेऊन हिंडत होते. दिपालीने ती वाचली, परत वाचली. तिचे डोळे भरले, ते तिने पदराने टिपले आणि कागद पर्समध्ये ठेवला. मग तार ताणली, निळं वजन लटकवलं, घडी ठेवली आणि काटा वाजवला.

घडी साडेत्रेपन्नला उडाली. दिपालीने हिशोब करून कागद आबांपुढे सरकवला. दोन किलो तीनशे ग्रॅम.

आबा मटकन स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेल्या माणसाचा झाला होता.

"काय मानसं हायती बगा," ते म्हणाले. "माझं तर दोनशेच हुतं."