टाकीचं झाकण

मिरज रोडवर अण्णांची जुनी स्कूटर या महिन्यात चौथ्यांदा बंद पडली. दिवसभर गॅरेजात दुसऱ्यांची इंजिनं उघडून मी आधीच थकले होते.

"जरा आडवी करून किक मार, वैजू," अण्णा म्हणाले.

"तुम्ही मारलीत ना दहा वेळा? बसा आता त्या दगडावर."

प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी निळी पडली, पण प्लग कोरडा होता. एअर फिल्टर साफ होता. स्कूटर हलवली तर टाकीत पेट्रोल डचमळलं. मग कार्बोरेटरची नळी सोडली. चार थेंब पडले आणि थांबले.

सीट उचलून टाकीचं झाकण फिरवलं. टाकीनं सूं करून हवा आत ओढली आणि नळीतून धार लागली. आता कळलं, आधीच्या वेळी रस्त्यावरच्या मेकॅनिकनं पेट्रोल बघायला झाकण उघडलं की ही कशी चालू व्हायची आणि तो अण्णांना का हसायचा.

झाकणाच्या आत दुधाच्या पिशवीचा तुकडा घट्ट बसवलेला होता. त्यानं टाकीत हवा जायचं भोक बंद होऊन पेट्रोल खाली उतरेनासं झालं होतं.

"हा शहाणपणा कुणाचा?"

"माझाच," अण्णा खाली बघत म्हणाले. "केमोहून येताना तुझ्या आईला पेट्रोलच्या वासानं उलटी होते."

मी नळी जोडली. केसातली पिन काढून पिशवीला बरोबर त्या भोकाखाली बारीक छिद्र पाडलं आणि झाकण तसंच परत लावलं.