गटार स्क्रीनवर आहे

गोखिवऱ्यात आमच्या ऑफिससमोरच्या नव्या रस्त्याचा क्रॉस सेक्शन, म्हणजे आडवा छेद, मी कॉम्प्युटरवर काढला. डांबरी रस्ता, मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता कॅम्बर, फूटपाथ, असा प्रत्येकाला ड्रॉइंगमध्ये स्वतंत्र लेअर, म्हणजे थर. गटारं मात्र आमच्या चंद्रहास सरांनी हौसेने स्वतः काढली, तीही डेफपॉइंट्स नावाच्या लेअरवर. त्यावर काढलेलं स्क्रीनवर दिसतं, पण कागदावर छापून येत नाही. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, “रोवेना, तुझ्या जन्माआधीपासून ड्रॉइंग काढतोय मी.”

प्रिंट निघाली. रस्ता आणि फूटपाथ यांच्यामध्ये नुसती रिकामी जागा. सगळ्यांनी डोळे मिटून सह्या ठोकल्या. ठेकेदाराने ती जागा इमानदारीत काँक्रीटने भरून टाकली.

पावसाळ्यात कॅम्बरने आपलं काम चोख केलं. सगळं पाणी कडेला आलं, तुंबलं आणि फूटपाथ ओलांडून आमच्या ऑफिसात शिरलं.

सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या स्क्रीनसमोर उभे राहिले. “हे बघ, गटार आहे! ठेकेदार चोर आहे.”

मी नवी प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

“मग आधी सांगायचंस ना,” ते भडकले, “आपला प्रिंटर खराब आहे म्हणून!”